सुक्या खोबऱ्यास खुले पत्र

पुणे, ऑगस्ट २०२५
(प्रत : आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना)

सुक्या खोबऱ्या,

गोड्या मसाल्याच्या पाव किलोच्या पुडीला आम्ही १ सप्टेंबरपासून १० रुपये जास्त घेणार आहोत. गिऱ्हाइकांना एवढंच कळवायचं तर चार ओळी पुरल्या असत्या. ‘कच्च्या मालाचे भाव वाढल्यामुळे नाइलाजाने दरवाढ करावी लागत आहे, तरी सहकार्य करावे’ असा कागद दुकानात चिकटवला की झालं. पण त्या कागदाची मला चीड आहे. कच्चा माल म्हणजे कोणता, तो किती वाढला, त्यातला किती भार दुकानदाराने घेतला आणि किती गिऱ्हाइकावर टाकला, यातलं काहीच त्यात नसतं. दहा रुपये मागायचे तर ते कुणामुळे मागतोय, हे नाव घेऊन मागावं. आमच्या हिशेबात नाव तुझं एकट्याचं निघतं, म्हणून पत्र तुला.

तुझ्यावरचा आरोप आधी सांगते. मागच्या वर्षी याच दिवसांत मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात तुझी चांगली वाटी मला १७० रुपये किलोने मिळत होती. यंदा तीच वाटी ३५० रुपयांना पडली, आणि ती घेताना व्यापारी म्हणाला, ‘ताई, आज न्या, उद्याचं सांगता येत नाही.’ एका वर्षात दुपटीच्या वर गेलास. केंद्र सरकारने २०२५ साठी गोटा खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला १२,१०० रुपये ठरवला आहे, म्हणजे किलोला १२१. हमीभाव शेतकऱ्याला निदान तेवढं मिळावं म्हणून असतो. तू तर त्याच्या दुपटीपलीकडे जाऊन बसलास, आणि तुझी खरेदी करायला सरकारला दारात यावंच लागलं नाही.

आता गोड्या मसाल्यात तुझी जागा केवढी, ते गिऱ्हाइकांनाही कळू दे. आम्ही एका वेळी दहा किलोचा घाणा घेतो. त्यात साडेचार किलो धणे, अडीच किलो तू, एक किलो तीळ, अर्धा किलो जिरे. लवंग, दालचिनी, मिरे, वेलदोडे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, शहाजिरे, बाद्यान ही मंडळी सगळी मिळून एक किलो. उरलेल्या अर्ध्या किलोत तेल, हिंग, हळकुंड, मीठ. म्हणजे मसाल्याचा वास त्या एका किलोतून येतो, पण अंग येतं धण्यातून आणि तुझ्यातून. वजनाने तू बरोबर चौथा हिस्सा आहेस.

भाजताना ओलावा उडतो, कुटताना थोडी धूळ उडते, थोडा मसाला यंत्राला चिकटून राहतो. दहा किलोचे हातात सव्वानऊ किलो येतात, म्हणजे पाव किलोच्या ३७ पुड्या. अडीच किलो खोबऱ्याला पूर्वी ४२५ रुपये लागत होते, आता ८७५ लागतात. फरक साडेचारशे. ३७ पुड्यांवर वाटला तर पुडीमागे बारा रुपये आणि वर काही पैसे. त्यातले दहा आम्ही गिऱ्हाइकाकडून घेतोय आणि उरलेले आम्ही सोसतोय. घाण्यामागे ते साधारण ८० रुपये होतात. १८० रुपयांची पुडी १९० ला जाईल.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण जाणकार गिऱ्हाईक ती विचारणारच. खोबरं दुपटीने महागलं आणि पुडी फक्त साडेपाच टक्क्यांनी, हे कसं? कारण बाकीचा तीन चतुर्थांश माल साधारण जागच्या जागी आहे. धणे तर मागच्या वर्षाइतकेच पडले. आणि दुसरं कारण म्हणजे आम्ही रुपयाला रुपया चढवला आहे, टक्क्याला टक्का नाही. बरेच जण किंमत ठरवताना सगळ्या खर्चावर ठरावीक टक्के नफा धरतात. मग खोबऱ्यामुळे खर्च बारा रुपयांनी वाढला की त्या बारांवरही नफ्याचे चार-पाच चढतात आणि पुडी सोळा-सतरा रुपयांनी महागते. तुझा भाव वाढला म्हणून माझी मेहनत वाढलेली नाही. धणे तेवढेच निवडते, कढईपुढे तेवढाच वेळ उभी राहते. मग त्या वाढीवर मी नफा कशाचा घ्यायचा?

तुझ्यावर नुसता राग काढून मला थांबायचं नाही. तू असा का वागलास ते कळल्याशिवाय गिऱ्हाइकांना पुढच्या वर्षीचा अंदाज येणार नाही.

तुझा बराचसा माल आमच्याकडे कर्नाटकातून येतो. तुमकुरु जिल्ह्यातलं तिपटूर आणि हासन जिल्ह्यातलं अर्सिकेरे ही गोटा खोबऱ्याची मोठी गावं. कोकणात नारळ आहेतच, पण ते बहुतेक ओलेच खपतात. तिपटूरकडे नारळ पुरता पिकू देतात, उतरवतात आणि सोडण न काढता घरातल्या माळ्यावर, फळ्यांच्या किंवा बांबूच्या मांडवावर, सावलीत रचून ठेवतात. तिथे तो आठ ते बारा महिने पडून असतो. आतलं पाणी हळूहळू आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं आणि नारळ हलवला की आत गोटा खडखडतो. मग सोडण उतरवायचं, करवंटी अशी फोडायची की गोटा अखंड निघेल. तो मधोमध कापला की आपल्या ओळखीच्या दोन वाट्या. उन्हात फोडून आठवड्याभरात वाळवलेलं खोबरं तेलाच्या घाण्याला चालतं, पण मसाल्याला लागणारी ती गोडसर, घट्ट, पांढरीशुभ्र वाटी या वर्षभराच्या सावलीतच तयार होते.

म्हणून तुझा भाव आजच्या पावसावर ठरत नाही. नारळाचं फूल धरल्यापासून फळ पिकायला सुमारे वर्ष जातं. त्यानंतर माळ्यावरचे आठ-दहा महिने. शिवाय पोयी बाहेर दिसायच्या आधी जवळपास अडीच-तीन वर्षं ती झाडाच्या पोटात आकार घेत असते. झाडाला मध्येच पाण्याचा ताण पडला तर त्याची शिक्षा तेव्हाच्या फळांना होते, आणि ज्या पोया अजून जन्मायच्या आहेत त्यांनाही होते. कोवळी बोंडं गळतात, काही पोया उमलण्याआधीच वाळून जातात. २०२३ चा पाऊस कर्नाटकात फार कमी झाला. बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरुत पाण्यासाठी काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी वाचलं. त्या उन्हाळ्यात जी बोंडं गळली, ती २०२४ च्या अखेरीला पिकली असती आणि माळ्यावरचा काळ संपवून २०२५ च्या मध्याला गोटा होऊन बाजारात आली असती. ती आलीच नाहीत. आपण आज त्या गळलेल्या बोंडांची किंमत देतोय.

त्यात पांढऱ्या माशीची भर. पानाच्या खालच्या बाजूला गोल गोल वळणांत अंडी घालणारी ही माशी भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीकडे सापडली आणि मग शेजारच्या राज्यांत पसरली. ती पानातला रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते, पान काजळल्यासारखं होतं आणि झाडाला अन्न करता येत नाही.

उरले ते नारळही गोट्यापर्यंत पोचत नाहीत, आणि त्याचा दोष तुझ्या झाडाला देता येणार नाही. कडक उन्हाळ्यात शहाळ्यांना मागणी येते. शहाळं सहा-सात महिन्यांचं असतानाच उतरवतात आणि पैसे त्याच दिवशी हातात पडतात. जे फळ शहाळं म्हणून गेलं, त्याचं खोबरं कधीच होत नाही. केरळात खोबरेल तेल यंदा लिटरला चारशेच्या पुढे गेल्यापासून तेलगिरण्याही नारळामागे धावतायत. ज्याच्याकडे नारळ आहे त्याने तो आठ दिवस उन्हात वाळवून गिरणीला घालावा, की दहा महिने माळ्यावर ठेवून गोट्याच्या भावाची वाट बघावी? पैशाची गरज असलेला माणूस काय करेल ते सांगायला नको. गोटा म्हणजे सगळ्यांची गरज भागल्यावर उरलेल्या नारळाचं खोबरं, आणि यंदा उरलंच थोडं.

आता गिऱ्हाइकांच्या मनातला प्रश्न मीच विचारते. खोबरं स्वस्त होतं तेव्हा कुठे होती ही चिठ्ठी? तेव्हा किंमत कमी का नाही केली?

प्रश्न रास्त आहे. २०२३ च्या शेवटी तू खरंच पडला होतास. तिपटूरला गोट्याचा भाव क्विंटलला आठ-नऊ हजारांच्या घरात आला होता आणि हमीभाव ११,७५० होता. शेतकऱ्यांनी रस्त्यावर येऊन आंदोलनं केली. तेव्हा तू ज्यांना बुडवत होतास ते तुझी झाडं सांभाळणारे लोक होते. मात्र त्याच वर्षी जिऱ्याने उच्छाद मांडला होता. गुजरातच्या उंझा बाजारात जिरे क्विंटलला साठ हजारांवर गेलं होतं. घाण्यात जिरे अर्धा किलोच, पण किलोला चारशे रुपयांच्या आसपास जास्त द्यायचे म्हणजे घाण्यामागे दोनशे रुपये. तुझ्यामुळे वाचत होतं ते सगळं जिऱ्याने खाल्लं. आमच्या वहीत त्या वर्षी एकाने दुसऱ्याला झाकलं, म्हणून पुडीची किंमत ना वाढली ना घटली. जिरे त्यानंतर खाली आलंय खरं, पण त्याच्यात वाचणारे शे-दोनशे रुपये तुझ्या साडेचारशेपुढे पुरत नाहीत, आणि मागच्या वर्षी जिरे उतरलं तेव्हा पाकीट, मजुरी आणि कांडपाचा दर वाढला होता, तिथे ते कधीच खर्ची पडलेत. यंदा तुला झाकायला कुणीच नाही.

आणि तू स्वस्त असताना वर्षाचा साठा का केला नाही, हेही विचारलं जातं. साठवायला तू लवंग-मिऱ्यासारखा असतास तर केला असता. तुझ्या अंगात साठ टक्क्यांच्या वर तेल. ओलावा सहा-सात टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि त्यातली काही बुरशी नुसती दिसायला वाईट नसते, तिचं विष खोबऱ्यात उतरतं. पुण्याच्या पावसाळ्यात पोत्यातलं खोबरं तीन महिन्यांत खवट होतं, त्यात किडेही होतात. गोदामात थंड आणि कोरडी हवा राखणं मोठ्या व्यापाऱ्याला परवडतं. माझ्यासारखीने वर्षाचं खोबरं भरून ठेवलं तर ते स्वस्तात घेतलेलं खोबरं वर्षाअखेर कुणाच्या आमटीत घालायच्या लायकीचं राहणार नाही.

आता तुझ्या नावावर बाजारात जे चालतं, त्याबद्दल. तू महागलास की मसाला करणाऱ्यापुढे तीन आडवाटा उघडतात, आणि तिन्हींवर किंमत आहे तिथेच राहते. गिऱ्हाईक खूश, विकणारा खूश. त्या तिन्ही वाटा मला माहीत आहेत, कारण व्यापाऱ्यांनी त्या मला सुचवल्या आहेत.

पहिली वाट वजनाची. पुडी दिसायला तीच, रंग तोच, किंमत १८०, आत मात्र २५० ग्रॅमऐवजी २२० ग्रॅम. आकडा छापलेला असतो, पण तो वाचतो कोण. हिशेब करून पाहा. आमची जुनी पुडी ग्रॅमला ७२ पैशांनी पडत होती, नवी ७६ पैशांनी पडेल. २२० ग्रॅमची ती ‘न वाढलेली’ पुडी ग्रॅमला ८२ पैशांनी पडते. दहा रुपयांची उघड वाढ टाळून गिऱ्हाइकाने जवळजवळ चौदा टक्क्यांची वाढ घरी नेलेली असते. पाकीटबंद मालावर दर ग्रॅमचा भाव छापावा लागतो. किमतीच्या आसपास बारीक अक्षरात तो असतो. तुम्ही कुणाचाही मसाला घ्या, पण तो आकडा बघून घ्या.

दुसरी वाट तुला कमी करण्याची. अडीच किलोऐवजी दीड किलो खोबरं आणि तेवढे धणे जास्त. वजन भरतं, वासही पहिल्या दिवशी चांगला येतो, कारण वास गरम मसाल्याचा असतो. फरक कळतो तो आमटीत. धणे जास्त असले की तळाशी भुसा बसल्यासारखा थर बसतो, आणि मसाल्याची ती तेलकट, गोडसर गोलाई येत नाही. भरल्या वांग्यात तर लगेच उघडं पडतं. मसाला वांग्याला धरून राहत नाही, रश्श्यात सुटून जातो.

तिसरी वाट सगळ्यांत वाईट. तुझ्या जागी तेल किंवा दूध काढून घेतलेल्या खोबऱ्याचा कीस घालायचा, किंवा खवट वाट्या स्वस्तात उचलून जास्त भाजायच्या. तेल निघालेला कीस कढईत पटकन तांबूस होतो, म्हणून रंग फसवतो. तपासायची साधी रीत आहे. चिमूटभर मसाला कोऱ्या कागदात घडी घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. सकाळी कागदाला तेलाचा डाग हवा. डाग नसेल तर मसाल्यात खोबरं नावालाच आहे. पण डाग असला म्हणून सगळं ठीक, असंही नाही, कारण वरून तेल ओतलं तरी डाग पडतो. म्हणून दुसरी खूण जिभेची. तेवढाच मसाला नुसता जिभेवर ठेवा. चांगल्या खोबऱ्याची गोडी मागाहून येते. खवट खोबरं असेल तर घशाशी एक जळका, साबणासारखा कडवटपणा राहतो आणि पाणी प्यायलं तरी जात नाही.

वाटी विकत घेतानाही हेच. आतून पांढरीशुभ्र दिसते म्हणून भुलू नका. गंधकाची धुरी दिली की जुनी वाटीही पांढरी होते. नाकाशी धरून पाहा, फटाक्यासारखा वास येतो. नखाने खरवडली तर तेल बोटाला लागायला हवं, मोडली तर काडकन मोडायला हवी. वाकली तर ओलावा आहे. आतल्या बाजूला पिवळे, करडे ठिपके असले तर ती वाटी खरवडून वापरायच्या भानगडीतही पडू नका, टाकून द्या.

आम्ही अडीच किलोचं प्रमाण सोडणार नाही. भाजायचं तंत्रही तेच. तुला किसून शेवटी कढईत घ्यायचं, मंद आचेवर, आणि रंग बदामी झाला की आच बंद करून लगेच परातीत काढायचं. कढई गरम असते, तिथेच ठेवलं तर मिनिटभरात करपतं आणि सगळा घाणा कडू होतो. तुझ्यातलं तेल चक्कीची जाळी बुजवतं, म्हणून चक्कीवर दळण होत नाही. कांडपावरच कुटावं लागतं. कांडपवाल्याचा दर दळणापेक्षा जास्त, वेळही जास्त. यातलं काही कमी केलं तर दहा रुपये वाचतील, पण मग पुडीवर गोडा मसाला असं छापायचा हक्क मला राहणार नाही.

बाकी मालाचं थोडक्यात. कांदा-लसूण मसाल्यात तू याच्या निम्म्याने लागतोस, म्हणून तिथे पुडीला ५ रुपये वाढ. मेतकुटात तू नाहीसच, मेतकुटाची किंमत आहे तीच.

खरा पेच खोबरं-लसणाच्या चटणीचा आहे. तिच्यात दहातले सात भाग तूच. २०० ग्रॅमच्या पुडीत १४० ग्रॅम खोबरं, म्हणजे पुडीमागे एकट्या खोबऱ्याचे २५ रुपये वाढले. १२० ची चटणी १४५ ला विकायची? ही माफक वाढ नव्हे आणि मी तिला माफक म्हणणार नाही. ज्या आजी महिन्याला दोन पुड्या नेतात, त्यांच्यापुढे ती पुडी ठेवताना मला बरं वाटणार नाही. खोबरं कमी करून दाणे मिसळा, कळणार नाही, असा सल्ला मिळाला. दाण्याची चटणी मला आवडते, सोलापूरकडची तर फारच. पण ती दाण्याची म्हणून विकावी. खोबऱ्याच्या चटणीत लपवलेले दाणे ही फसवणूक आहे, आणि ज्याला दाण्याचं वावडं आहे त्याच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून तू ताळ्यावर येईपर्यंत खोबरं-लसूण चटणी मांडणीवर असणार नाही. ज्यांना हवीच असेल त्यांनी आदल्या आठवड्यात सांगावं, १४५ ला ताजी करून देऊ. मांडणीवर दाण्याची चटणी राहील, तिच्यावर दाण्याची असंच लिहिलेलं असेल.

तुझ्याकडून मला आता काय हवं आहे, तेही सांगून ठेवते. तू पुन्हा आठ हजारांवर घसरावंस असं मला मुळीच वाटत नाही. तो भाव माझ्या कढईला सोयीचा, पण तिपटूरच्या माणसाने त्या भावात झाडाला खत घालायचं की घरात किराणा भरायचा? खत, पाणी न मिळालेलं झाड पुढची तीन वर्षं कमी फळतं आणि मग तू आजच्यासारखा साडेतीनशे होऊन आमच्यावर उलटतोस. आजच्या या भावातही त्याच्या हाती काय लागतंय कुणास ठाऊक असं मी म्हणणार नाही. भाव त्याला मिळतो आहे, पण विकायला नारळच निम्मे असतील तर दुप्पट भावाने त्याचं घर दुप्पट चालत नाही. किलोला दोनशेच्या आसपास तू वर्षभर स्थिर राहिलास तर तोही जगेल, मीही जगेन आणि गिऱ्हाइकांना अशी पत्रं वाचावी लागणार नाहीत.

म्हणून गिऱ्हाइकांना लेखी शब्द देते. सलग दोन खरेद्यांत तू मला दोनशेच्या आत मिळालास, की पुडी पुन्हा १८० ला येईल. दोन खरेद्या अशासाठी, की एका दिवसाच्या उताराला मी भुलणार नाही आणि एका दिवसाच्या चढाने घाबरणारही नाही. खरेदीच्या पावत्या मी दुकानात फाइलला लावून ठेवणार आहे. ज्याला पाहायच्या त्याने मागाव्यात, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. मात्र तू लवकर उतरशील अशी आशा मी कुणाला दाखवत नाही. यंदाचा पाऊस चांगला झाला तरी तो आधी झाडाला सावरणार, मग फळात उतरणार, मग माळ्यावर वाळणार. गणपती, नवरात्र, दिवाळी तर तोंडावर आहेत आणि त्या दिवसांत नारळाची मागणी वाढतेच.

परदेशातल्या मुलांसाठी दिवाळीला मसाला नेणाऱ्यांना एक विनंती. दर वर्षी तुम्ही किलो-दोन किलो एकदम घेता. महागाईच्या भीतीने यंदा जास्त घेऊन ठेवू नका. हा मसाला हवाबंद डब्यात चार महिने उत्तम राहतो, फ्रीजमध्ये सहा-सात महिने. त्यानंतर त्यातलं खोबरं खवटायला लागतं. दहा रुपये वाचवायला घेतलेली जास्तीची पुडी एप्रिलमध्ये टाकून द्यावी लागली, तर १८० रुपये गेले.

वाढ १ सप्टेंबरपासून. त्याआधी ज्यांनी पैसे भरून मागणी नोंदवली आहे, त्यांना माल केव्हाही मिळो, दर जुनाच लागेल. शिल्लक असलेल्या पुड्यांवर जुनी किंमत छापलेली आहे, त्या संपेपर्यंत जुन्याच किमतीला विकल्या जातील. त्यांच्यावर नवी चिठ्ठी चिकटवणार नाही. दुकानात जागेवर मोजून घ्यायला वजनकाटा समोर ठेवला आहे. पुडी न्याल तेव्हा त्याच्यावर ठेवून २५० ग्रॅम भरते का, ते जरूर पाहा.

तुझ्याशी रोज हिशेब करणारी,
गोडा मसाला करणारी बाई